कुठून कुठपर्यंत? परंड्याचा किल्ला आकड्यांत मांडताना
(आपलं गाव लिहिताना : लेखांक 6)

मागच्या लेखांकात वर्णन करताना उभं कुठे राहावं आणि दिशा कशा सांगाव्यात हे पाहिलं. या आठवड्यात मापांकडे वळू. ज्याने परंडा कधी पाहिलेला नाही, अशा रत्नागिरीच्या किंवा गोंदियाच्या वाचकाला तिथला भुईकोट किल्ला डोळ्यांसमोर उभा करायचा आहे. त्याच्याजवळ फोटो नाही, आहेत ते फक्त तुमचे शब्द आणि तुमचे आकडे.

आधी एक नमुना वाचा. असं वर्णन स्मरणिकांत आणि शाळेच्या प्रकल्पांत सहज सापडतं. त्यातले आकडे मी उदाहरणापुरते घेतले आहेत.

«किल्ला बार्शीपासून पाऊण तासावर आहे. भोवतीचा खंदक चाळीस हात रुंद असून तटाची उंची 35 फूट आहे. दरवाजाजवळचा बुरूज दहा मीटर उंच आहे. तिथून अर्ध्या फर्लांगावर विहीर असून ती चार परस खोल आहे.»

चार वाक्यांत सहा मापं आली आणि एकही चुकीचं वाटत नाही. पण दहा मीटर म्हणजे सुमारे 33 फूट. म्हणजे या वर्णनातला बुरूज शेजारच्या तटापेक्षा दोन फूट ठेंगणा झाला. बुरूज सहसा तटाच्या बरोबरीने किंवा त्याहून उंच बांधतात, कारण तिथून तोफ चालवायची आणि बाजूच्या तटाचा पायथा राखायचा. लिहिणाऱ्याने दोन वेगळ्या ठिकाणांहून दोन आकडे उचलले, एकक बदललं, आणि त्यामुळे दोन्हींमधला विरोध झाकला गेला. दोन्ही उंच्या मीटरमध्ये असत्या तर चूक लिहितानाच दिसली असती. एकक एकच ठेवण्याचा पहिला फायदा असा लिहिणाऱ्यालाच मिळतो.

आता बाकीची मापं पाहू. ‘पाऊण तास’ हे अंतर नव्हे. एसटीने, मोटारसायकलने आणि बैलगाडीने ते वेगवेगळं भरेल. परंड्याहून बार्शी सरळ रेषेत पंचवीस-सव्वीस किलोमीटर पूर्वेला आहे आणि रस्त्याने त्याहून थोडी लांब. वाचकाला नकाशा कळायला हवा असेल तर सरळ रेषेतलं अंतर सांगावं, प्रवास कळायला हवा असेल तर रस्त्याचं. दोन्हींपैकी कोणतं, हे मात्र लिहावंच लागतं.

हात, फर्लांग आणि परस यांची अडचण वेगळी आहे. परसाने विहिरीची खोली सांगणारी माणसं आजही मराठवाड्यात भेटतात आणि त्यांना परस नेमका समजतो. पण तो गावागणिक थोडा कमीजास्त असतो आणि शहरातल्या वाचकाला तो मुळीच माहीत नसतो. देशात वजनमापांचा कायदा 1956 मध्ये झाला आणि दशमान पद्धत 1958 पासून टप्प्याटप्प्याने आली. तरीही आपण आजतागायत वस्तूप्रमाणे एकक बदलतो. घराची खोली फुटांत, बोअर फुटांत, कापड मीटरमध्ये, रस्ता किलोमीटरमध्ये आणि जमीन गुंठ्यात. ही सवय मोडायची गरज नाही. जमीन गुंठ्यात सांगितली तर मराठी वाचकाला ती लगेच दिसते. नियम एवढाच ठेवा : जी मापं वाचकाला एकमेकांशेजारी ठेवून पाहायची आहेत, ती एकाच एककात असावीत. तट, बुरूज, खंदक आणि दरवाजा ही एकाच चित्रातली माणसं आहेत. ती सगळी मीटरमध्ये घ्या, नाहीतर सगळी फुटांत.

उंची कुठून मोजली?

एकक एक केलं तरी काम संपत नाही. ‘तट आठ मीटर उंच’ या वाक्यात अजून एक भोक आहे. ही उंची कोणत्या जमिनीपासूनची?

डोंगरी किल्ल्यात हा प्रश्न कधीकधी टाळता येतो, भुईकोटात मात्र टाळता येत नाही. परंड्याचा किल्ला सपाट जमिनीवर आहे. डोंगराचा आधार नाही म्हणून त्याला खंदकाचा आणि दुहेरी तटबंदीचा आधार दिलेला आहे. बाहेरचा तट आणि त्याच्या आतला तट असे दोन पडदे आहेत. त्यामुळे एकाच भिंतीच्या निदान तीन उंच्या निघतात : खंदकाच्या तळापासून, खंदकाच्या बाहेरच्या काठावरून आणि किल्ल्याच्या आतल्या जमिनीवरून. हल्ला करणाऱ्याला पहिल्या दोन जाणवायच्या, आत राहणाऱ्याला तिसरी. तिन्ही खऱ्या आहेत, पण त्यांची भेसळ झाली की किल्ला वाकडा होतो. म्हणून पहिल्याच वाक्यात शून्य पक्कं करा, ‘सर्व उंच्या आतल्या जमिनीपासून’ असं. मग तेच शून्य शेवटपर्यंत ठेवा आणि बदलावं लागलं तर तसं सांगून बदला.

खंदकाच्या रुंदीचंही असंच आहे. बाहेरच्या काठापासून आतल्या काठापर्यंतची रुंदी वेगळी आणि बाहेरच्या काठापासून तटाच्या पायथ्यापर्यंतचं अंतर वेगळं. मध्ये जमिनीची पट्टी सुटलेली असेल तर दोन्हींत काही मीटरचा फरक पडतो.

टेप न पोहोचणारी मापं

खंदकात पाणी किंवा झुडपं असली तर पलीकडे टेप धरायला कोण जाणार? त्यासाठी एक जुनी रीत आहे आणि तिला आठवीची भूमिती पुरते.

आधी स्वतःचं पाऊल मोजून ठेवा. शाळेच्या मैदानावरची क्रिकेटची खेळपट्टी या कामाला उत्तम. यष्टीपासून यष्टीपर्यंत ती 22 यार्ड, म्हणजे 66 फूट, म्हणजे 20.12 मीटर असते. नेहमीच्या चालीने ती तीनचारदा चाला आणि सरासरी काढा. समजा 27 पावलं भरली, तर तुमचं पाऊल सुमारे 75 सेंटिमीटर झालं.

आता खंदकाच्या बाहेरच्या काठावर मोकळी, सपाट जागा शोधा. समोर, तटाच्या पायथ्याशी सहज ओळखू येईल अशी एक खूण धरा, एखादा वेगळ्या रंगाचा दगड किंवा उगवलेलं झाड. तिच्या बरोबर समोर काठावर पहिली काठी रोवा. तिथून काठाकाठाने वीस पावलं चालून दुसरी काठी रोवा आणि त्याच रेषेत आणखी वीस पावलं जाऊन तिसरी. तिसऱ्या काठीपाशी खंदकाकडे पाठ करून, काठाशी काटकोन करत, सरळ मागे चालत जा. अधूनमधून वळून पाहा. दुसरी काठी आणि पलीकडची खूण एका रेषेत दिसली की थांबा. तिसऱ्या काठीपासून तुम्ही जितकी पावलं मागे आलात, तितकंच अंतर पहिल्या काठीपासून पलीकडच्या खुणेपर्यंत आहे. दोन्ही त्रिकोण एकरूप आहेत म्हणून हे जमतं.

यात चूक होते ती काटकोनात. पहिल्या काठीपाशी खूण बरोबर समोर नसली किंवा तुम्ही तिरके मागे गेलात, तर उत्तर वाढतं किंवा घटतं. त्यावर उपाय म्हणजे 3, 4 आणि 5 मीटरच्या अंतरांनी गाठी मारलेली दोरी. तिचा त्रिकोण ताणला की काटकोन मिळतो. गवंडी हेच करतात. मग जागा थोडी बदलून तीनदा मोजा. तिन्ही उत्तरं जवळपास आली तर विश्वास ठेवा. एक उत्तर फार वेगळं आलं तर ते सरासरीत मिसळू नका, पुन्हा मोजा.

समजा 36 पावलं भरली. 75 सेंटिमीटरने गुणलं की 27 मीटर होतात. आता ‘27 मीटर’ असंच लिहायचं, आणि पुढे ‘सुमारे’ जोडायचं. पावलाच्या मापात शंभराला चारपाचची चूक सहज असते. म्हणजे खरं अंतर 26 असेल किंवा 28. गणकयंत्रावर 26.83 आलं म्हणून तेच छापलं, तर जी नेमकेपणाची खात्री तुमच्याजवळ नाही ती तुम्ही वाचकाला दिलीत. एककं बदलताना ही चूक हमखास होते. जुन्या लेखात ‘सुमारे 30 फूट’ असतं आणि त्याचं ‘9.144 मीटर’ होतं. तीस फूट हा अंदाज होता, तेव्हा नऊ मीटर हाही अंदाजच राहिला पाहिजे.

उंचीसाठी दोन रीती आहेत आणि दोन्ही करून पाहाव्यात. पहिली दगडांच्या थरांची. दरवाजाजवळ टेप लावता येईल तिथे दहा थरांची मिळून उंची मोजा. समजा ती साडेतीन मीटर भरली आणि खालून वरपर्यंत 22 थर मोजले, तर भिंत 7.7 मीटर झाली. अडचण एवढीच की खालचे थर बहुधा मोठे असतात आणि वर डागडुजी झालेली असेल तर थर बदलतात.

दुसरी रीत सावलीची. एक मीटरची काठी उभी धरा आणि तिची सावली मोजा. त्याच वेळी तटाची सावली मोजा. काठीची सावली 80 सेंटिमीटर आणि तटाची 6.3 मीटर असेल तर तट सुमारे 7.9 मीटर उंच आहे. ही रीत किल्ल्याच्या आतून करावी, कारण बाहेरची सावली खंदकात उतरते आणि तिथली पातळी खाली असल्यामुळे हिशेब बिघडतो. वेळही पाहावी लागते. परंडा सुमारे सव्वाअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्याच्या आसपास आणि जुलैच्या अखेरीस तिथे मध्यान्हीला सूर्य थेट डोक्यावर येतो आणि काठीला सावलीच उरत नाही. सकाळचे नऊ-दहा किंवा दुपारचे तीन-चार ही वेळ बरी.

थरांवरून 7.7 आणि सावलीवरून 7.9 आले, म्हणजे ‘आतल्या जमिनीपासून जवळजवळ आठ मीटर’ असं निर्धास्त लिहा. दोन वेगळ्या रस्त्यांनी एकाच उत्तराशी पोहोचणं हाच मापावर विश्वास ठेवण्याचा आधार.

जुना आकडा तपासायचा कसा?

जी वस्तू आता तिथे नाही, तिचं काय? परंड्याच्या इतिहासात असं एक ठळक उदाहरण आहे.

विजापूरच्या बुरुजावर आज जी मुलूख मैदान तोफ आहे, ती काही काळ परंड्याला होती. ती 1549 मध्ये अहमदनगरला ओतली गेली. ओतणाऱ्याचं नाव मुहम्मद बिन हसन रूमी. तालिकोटच्या 1565 च्या लढाईत ती वापरली गेली. निजामशाहीचा अहमदनगरचा किल्ला 1600 मध्ये मोगलांकडे गेल्यावर काही वर्षं परंडा हेच निजामशाहीचं ठाणं होतं. पुढे 1632 मध्ये ही तोफ परंड्याहून विजापूरला नेण्यात आली.

तिची मापं अशी दिली जातात : लांबी सुमारे 4.4 मीटर, बाहेरचा व्यास सुमारे दीड मीटर, तोंडाच्या पोकळीचा व्यास 70 सेंटिमीटर, वजन 55 टन. चारही आकडे आपण आजवर वाचत आलो. ते एकमेकांशी जुळतात का, हे पाहता येतं.

तोफ भरीव नळकांडं आहे असं धरा. दीड मीटर व्यासाच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ सुमारे 1.77 चौरस मीटर. त्याला 4.4 ने गुणलं की 7.8 घनमीटर. आता आतली पोकळी वजा करू. 70 सेंटिमीटर व्यासाचं क्षेत्रफळ 0.385 चौरस मीटर. पोकळी चार मीटर खोल धरली तर दीड घनमीटर. उरला धातू 6.3 घनमीटर. तांबं आणि कथील यांच्या ओतीव मिश्रधातूचं वजन घनमीटरला साधारण 8.7 टन भरतं. गुणाकार केला की उत्तर येतं 55 टनांच्या जवळ.

तोफ काही नेमकं नळकांडं नाही. तिच्या तोंडाला सिंहाच्या जबड्याचा आकार आहे आणि आतली पोकळीही सगळीकडे सारखी नाही. तेव्हा या हिशेबाने 53 की 57 हे ठरत नाही. पण 5 टन किंवा 150 टन असा आकडा कुठे छापलेला दिसला तर तो चूक आहे, हे इतकं खात्रीने सांगता येतं.

हाच हिशेब चुकीचं एककही पकडून देतो. समजा एखाद्या जुन्या टिपणात तोफेचं वजन 1,475 मण असं सापडलं. मण म्हणजे किती? ब्रिटिश काळातला चाळीस शेरांचा मण सुमारे 37.3 किलोचा होता आणि मुंबईचा मण सुमारे 12.7 किलोचा. पहिल्या मणाने वजन 55 टन होतं, दुसऱ्याने 19 टनांच्याही आत. 19 टन धातू म्हणजे जेमतेम सव्वादोन घनमीटर. तेवढ्यात साडेचार मीटर लांबीची आणि दीड मीटर जाडीची तोफ ओतून होत नाही. म्हणजे तोफेच्या लांबीरुंदीनेच सांगितलं की टिपणातला मण कोणता. जुनं एकक आलं की ते तसंच ठेवा, पुढे आजचं माप द्या, आणि कोणता मण किंवा कोणता कोस धरला तेही लिहा.

आता 55 टन वाचकाला दिसतील कसे? दोन आसांच्या मालट्रकला मालासकट साधारण साडेअठरा टनांची परवानगी असते. असे तीन भरलेले ट्रक म्हणजे ही एक तोफ. ती हलवायला दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसं लागली असं सांगतात. चारशे बैल म्हणजे दोनशे जोड्या, म्हणजे जोडीमागे पाव टनाहून जरा जास्त. एक बैलजोडी चांगल्या रस्त्यावर गाडीतून टनभर माल ओढते, हे आपल्याला माहीत आहे. पण दोनशे जोड्या एका वजनाला जुंपल्या की सगळ्यांचा जोर एकाच वेळी लागत नाही आणि काळ्या मातीत चाकं रुततात. त्यामुळे हा आकडा फुगवलेला वाटत नाही. वाटेत भीमा ओलांडायची होती आणि परंडा ते विजापूर हे अंतर सरळ रेषेतच सुमारे 160 किलोमीटर आहे. कोस दोन मैलांचा धरला तर पन्नास कोस.

वरच्या परिच्छेदात प्रत्येक वजन टनात आहे आणि अंतर किलोमीटरमध्ये. कोस आला तो एकदाच, त्याचा अर्थ सांगून. म्हणून वाचक ट्रक, बैल आणि तोफ मनात एकत्र ठेवून पाहू शकतो.

नमुना पुन्हा लिहू

आता सुरुवातीचं वर्णन दुरुस्त करू. आकडे पुन्हा उदाहरणापुरतेच आहेत. परंड्याला जाल तेव्हा तुमचे स्वतःचे घाला.

«परंडा बार्शीच्या पश्चिमेला सरळ रेषेत सुमारे 25 किलोमीटरवर आहे. खाली सगळी मापं मीटरमध्ये असून उंच्या किल्ल्याच्या आतल्या जमिनीपासून मोजल्या आहेत. बाहेरच्या काठापासून तटाच्या पायथ्यापर्यंत सुमारे 27 मीटर अंतर आहे, म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीहून सात मीटर जास्त. तट जवळजवळ आठ मीटर उंच आहे आणि दरवाजाजवळचा बुरूज त्याहून दीड मीटर वर गेला आहे. दरवाजातून आत आलं की समोर शंभर मीटरवर विहीर आहे. तिची खोली गावातले लोक चार परस सांगतात, म्हणजे सात मीटरच्या आसपास.»

शब्द फारसे वाढले नाहीत. वाचकाला आता चित्र कागदावर काढता येईल, आणि ही एक उत्तम परीक्षा आहे. तुमचं वर्णन अशा माणसाला वाचून दाखवा ज्याने ती जागा पाहिलेली नाही आणि त्याला साधा आराखडा काढायला सांगा. त्याची पेन्सिल जिथे अडते, तिथे एक तर शून्य हरवलेलं असतं, नाहीतर एकक बदललेलं असतं, नाहीतर ‘कुठून कुठपर्यंत’ राहून गेलेलं असतं.

एक सावधगिरी. सगळंच मोजू नका. परंड्याच्या किल्ल्याला 26 बुरूज आहेत असं सांगतात. त्या प्रत्येकाची उंची दिली तर वाचक तिसऱ्या बुरुजापाशीच हात टेकेल. किल्ल्याचा घेर, दोन बुरुजांमधलं सरासरी अंतर आणि सर्वांत वेगळ्या बुरुजाची उंची, एवढ्यावर बाकीचे तो स्वतः उभे करतो.

या आठवड्याचा अभ्यास असा. तुमच्या गावातली एक जागा घ्या, वेस, बारव, गढी किंवा देवळाचं आवार. शून्य कुठे आणि एकक कोणतं, हे पहिल्या ओळीत लिहा. चारच मापं घ्या आणि त्यातलं निदान एक दोन रीतींनी तपासा. मोजताना वहीत आकड्याशेजारी ‘टेपने’, ‘पावलांनी’ किंवा ‘अंदाजे’ असं नोंदवून ठेवा. पुढच्या पिढीत कोणी ती जागा पुन्हा मोजायला आलं, तर तुमच्या कोणत्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा हे त्याला या नोंदीवरूनच कळेल.

(पुढील लेखांक : काळ सांगताना. साल, शक, फसली आणि ‘आजोबांच्या वेळी’.)